एका वेळी किती खोकी मागवायची?

सांगलीजवळ कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत मसाल्याचा एक मध्यम आकाराचा कारखाना आहे असे धरून चालू. मसाल्याची पाकिटे भरून पाठवायला त्याला वर्षाला २४,००० पुठ्ठ्याची खोकी लागतात. एक खोके २५ रुपयांना पडते. खोकी बनवणारा जवळच्याच वसाहतीत आहे. त्याला फोन केला की आठवड्याभरात टेम्पो दारात येतो. आता खरेदी पाहणाऱ्या माणसाने एका वेळी किती खोकी मागवायची? आठवड्याची, महिन्याची की एकदम सहा महिन्यांची? बहुतेक ठिकाणी याचे उत्तर सवयीने ठरते. मागच्या वेळी जितकी घेतली तितकी घ्यायची, किंवा गोदामात मावतील तितकी.

या प्रश्नाला हिशेबाने उत्तर देणारा पहिला लेख १९१३ सालच्या फेब्रुवारीत अमेरिकेत ‘फॅक्टरी’ नावाच्या मासिकात आला. लेखक होते फोर्ड हॅरिस, वेस्टिंगहाउस कंपनीतले अभियंता. त्यांचा प्रश्न खरेदीचा नव्हता, कारखान्यातल्या उत्पादनाचा होता: यंत्र एकदा जुळवल्यावर एका खेपेत किती सुटे भाग काढावेत? पण गणित तेच. पुढे १९३४ मध्ये आर. एच. विल्सन यांनी या पद्धतीवर लिहिले आणि सल्लागार म्हणून ती कारखान्यांपर्यंत नेली, त्यामुळे अनेक पाठ्यपुस्तकांत हे सूत्र विल्सन यांच्या नावावर गेले. हॅरिस यांचा मूळ लेख कित्येक दशके अभ्यासकांच्या नजरेआडच होता. डोनाल्ड अर्लेनकॉटर या अभ्यासकाने तो शोधून १९९० मध्ये हॅरिस यांचे श्रेय नीट नोंदवले. आज वाणिज्य आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हे सूत्र ईओक्यू म्हणून शिकवतात. परीक्षेपुरते ते पाठ होते. ते आले कुठून, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

ते येते दोन खर्चांच्या ओढाताणीतून. पहिला खर्च मागणी नोंदवण्याचा, म्हणजे माल जितक्या वेळा मागवू तितक्या वेळा होणारा. आपल्या कारखान्यात टेम्पोचे भाडे ४०० रुपये आणि आलेला माल तपासणे, नोंदणे, बिल चुकते करणे यांचे १०० रुपये, असे दर खेपेला ५०० रुपये जातात. हमाली यात धरायची नाही, कारण ती नगावर असते. २४,००० खोकी कितीही खेपांत उतरवली तरी वर्षाची हमाली तेवढीच.

दुसरा खर्च माल पडून राहण्याचा. खोक्यांत अडकलेल्या पैशावर बँकेचे कॅश क्रेडिटचे व्याज चढते, ते १२ टक्के धरू. जागा, विमा, उंदीर, ओल, चेपलेली आणि बाद झालेली खोकी यांचे आणखी १२ टक्के. एकूण २४ टक्के, म्हणजे २५ रुपयांचे एक खोके वर्षभर पडून राहिले तर ६ रुपये खाते. खोकी रोज सारख्या संख्येने संपतात आणि शेवटचे खोके संपते त्याच दिवशी नवा टेम्पो येतो, असे मानू. मग गोदामात सरासरीने मागवलेल्या मालाच्या निम्मी खोकी असतात. एका वेळी २,००० मागवली तर सरासरी साठा १,०००.

आता आकडे घालून पाहू. एका वेळी १,००० खोकी मागवली तर वर्षाला २४ खेपा होतात. मागवण्याचा खर्च १२,००० रुपये, आणि सरासरी ५०० खोकी पडून असल्याने साठ्याचा खर्च ३,००० रुपये. बेरीज १५,०००. एका वेळी ४,००० मागवली तर खेपा सहाच, त्यांचे ३,००० रुपये. साठ्याचे मात्र १२,०००. बेरीज पुन्हा १५,०००. मधले ३,००० घेतले तर ४,००० आणि ९,०००, बेरीज १३,०००.

या तिन्ही जोड्यांत एक गोष्ट दडलेली आहे. १२,००० गुणिले ३,००० म्हणजे ३ कोटी ६० लाख. ३,००० गुणिले १२,००० तेवढेच. ४,००० गुणिले ९,००० सुद्धा तेवढेच. हा योगायोग नाही. एका खर्चात मागवलेली संख्या छेदात असते, दुसऱ्यात अंशात. दोन्हींचा गुणाकार केला की ती उडून जाते. म्हणजे कितीही मागवा, दोन खर्चांचा गुणाकार ठरलेलाच. आणि आठवी-नववीच्या बीजगणितात आपण शिकलो आहोत की दोन संख्यांच्या बेरजेचा वर्ग म्हणजे त्यांच्या वजाबाकीचा वर्ग अधिक त्यांच्या गुणाकाराची चौपट. गुणाकार हलत नसेल तर बेरीज कमीत कमी केव्हा होईल? वजाबाकी शून्य होईल तेव्हा. म्हणजेच दोन्ही खर्च सारखे होतील तेव्हा. बहुतेक पुस्तके इथे कलनशास्त्राचा आधार घेतात, पण त्याची गरजच नाही.

दोन्ही खर्च सारखे मानून समीकरण मांडले की सूत्र हातात येते:

Q = √(2DS/H)

यात Q म्हणजे एका वेळी मागवायची संख्या, D वर्षाची गरज, S दर खेपेचा खर्च आणि H एक नग वर्षभर ठेवण्याचा खर्च. आपले आकडे घातले की Q बरोबर २,००० येते. दर महिन्याला एक टेम्पो. मागवण्याचे ६,००० आणि साठ्याचे ६,०००, मिळून १२,००० रुपये. यापेक्षा कमी खर्चाची दुसरी संख्या नाही.

या सूत्रात मला सर्वांत मोलाचे वाटते ते त्याचे सोशिकपण. वरचे आकडे पुन्हा पाहा. २,००० ऐवजी ३,००० मागवली, म्हणजे तब्बल दीडपट, तरी खर्च १२,००० वरून १३,००० वर गेला. दुप्पट किंवा निम्मी मागवली तेव्हा कुठे तो चौथा हिस्सा वाढला. आकडे अंदाजाने धरले असतील तरीही असेच. समजा दर खेपेचा खर्च आपण ५०० धरला, पण प्रत्यक्षात तो १,००० निघाला. खरे उत्तर २,८२८ आणि आपण मागवत राहिलो २,०००. नुकसान किती? जेमतेम सहा टक्के. वर्गमूळ चुकांची धार अशी बोथट करते. म्हणून ‘आमच्याकडे नेमके आकडेच नाहीत, मग हे सूत्र कशाला’ ही तक्रार टिकत नाही. ढोबळ आकड्यांवरही ते उत्तराच्या आसपास नेऊन सोडते.

सोशिकपणा आहे तो आकड्यांबाबत. गृहीतकांबाबत हे सूत्र मुळीच सोशिक नाही, आणि व्यवहारात पैसे जातात ते तिथेच.

पहिले गृहीतक असे की नगाची किंमत ठरलेली आहे, कितीही घ्या. खोकीवाला एक दिवस म्हणतो, “एकदम ५,००० घ्या, २४ रुपयांनी देतो.” सूत्राला हे वाक्य ऐकूच येत नाही, कारण त्यात वर्षाच्या खरेदीची रक्कम कुठेच नाही. किंमत बदलत नसल्याने ती वगळली होती. आता ती परत घ्यावी लागते. ५,००० मागवल्यावर मागवण्याचे २,४०० आणि साठ्याचे १४,४०० मिळून १६,८०० रुपये होतात, म्हणजे आधीपेक्षा ४,८०० जास्त. पण प्रत्येक खोक्यामागे एक रुपया वाचल्याने वर्षाला २४,००० वाचतात. निव्वळ फायदा १९,२००. ज्या माणसाने सूत्रावर विसंबून २,००० चा हट्ट धरला त्याने सव्वा टक्क्याचाही फरक पडणार नाही अशा जागी काटेकोरपणा केला आणि वर्षाचे १९,२०० रुपये सोडून दिले.

पण थांबा. दुसरे गृहीतक असे की साठ्याचा खर्च नगागणिक सारखा वाढतो. गोदाम असे वागत नाही. आपल्या कारखान्यात ३,००० खोकी ठेवायला जागा आहे. ती भरलेली असो वा रिकामी, तिचे भाडे द्यावेच लागते; म्हणून ३,००० पर्यंत जागेचा खर्च खरे तर शून्य आहे. मग ३,००१ वे खोके आले की बाहेर खोली घ्यावी लागते आणि खर्च एकदम उडी मारतो. ती खोली महिना २,५०० रुपयांना मिळाली तर वर्षाचे ३०,००० झाले आणि १९,२०० चा फायदा कुठल्या कुठे गेला. शिवाय ५,००० खोकी पुठ्ठ्याची आहेत. पावसाळ्यात पुठ्ठा हवेतली ओल पितो, त्याची भार सोसण्याची ताकद घटते आणि थप्पीतली तळची खोकी चेपतात. त्यातच खोक्यावरचा छापील मजकूर, वजन, पत्ता किंवा चित्र बदलले तर उरलेली सगळी रद्दीत. वर्षाला सरसकट टक्केवारीने धरलेला खर्च हे सांगू शकत नाही.

मग सवलत सोडायची का? मुरलेला खरेदीदार इथे दोन गोष्टी वेगळ्या करतो. खोकीवाल्याला एकदम ५,००० चा टेम्पो हवा असतो असे नाही; त्याला कामाची खात्री हवी असते, म्हणजे तो कागद आधी घेऊन ठेवू शकतो आणि छपाई एकदम उरकू शकतो. तेव्हा त्याच्याशी वर्षाच्या २४,००० खोक्यांचे रेट कॉन्ट्रॅक्ट २४ रुपयांनी करायचे आणि माल महिन्याला २,००० असा शेड्यूलप्रमाणे उचलायचा. किंमत वर्षाच्या मागणीवर ठरते, टेम्पो महिन्याच्या मागणीवर. खर्च ११,७६० रुपयांवर येतो आणि २४,००० ची बचतही हातात राहते. हे उत्तर सूत्रातून कधीच निघाले नसते, कारण सूत्राच्या लेखी विकणारा माणूसच नाही.

इथे उधारीबद्दल थोडे बोलायला हवे, कारण तिच्यावरून हमखास गैरसमज होतो. खोकीवाला ४५ दिवसांची उधारी देतो, मग माल महिनाभर पडून राहिला तर आपले काय जाते, जास्तच घेऊन ठेवू, असा युक्तिवाद पुष्कळदा ऐकू येतो. कॅश क्रेडिटवर चालणाऱ्या कारखान्याला तो लागू पडत नाही. उधारी प्रत्येक खेपेला मिळते. तिने सगळीच बिले ४५ दिवस पुढे सरकतात, मग खेप लहान असो वा मोठी. दर महिन्याला २,००० ऐवजी दोन महिन्यांची ४,००० एकदम घेतली तर त्यातल्या निम्म्या मालाचे पैसे एक महिना आधी जातातच, उधारी असली तरी. तेवढे व्याज चढतेच. उधारीमुळे एकूण पैशाची ओढ कमी होते हे खरे, पण एका वेळी किती घ्यायचे याचे उत्तर तिने बदलत नाही.

तिसरे गृहीतक मला सर्वांत घातक वाटते, कारण ते कुठे लिहिलेले नसते. सूत्र एका वेळी एकाच वस्तूचा विचार करते. आपल्या कारखान्याला खोक्यांचे चार आकार लागतात असे धरा, प्रत्येकी २४,००० आणि किंमतही तीच. प्रत्येक आकारासाठी सूत्र वेगवेगळे चालवले तर प्रत्येकाचे उत्तर २,०००, वर्षाला प्रत्येकी १२ खेपा, म्हणजे ४८ टेम्पो. एकूण खर्च ४८,००० रुपये. हिशेबात चूक नाही, पण चारही आकार एकाच माणसाकडून येतात आणि एकाच टेम्पोत मावतात! मग ४०० रुपयांचे भाडे चौघांत वाटले जाते. चारही एकत्र मागवायचे ठरवून पुन्हा गणित केले तर उत्तर येते: दर पंधरवड्याला एक टेम्पो, त्यात प्रत्येक आकाराची १,००० खोकी. वर्षाला २४ खेपांचे १२,००० आणि चारही साठ्यांचे मिळून १२,०००. एकूण २४,००० रुपये. खर्च निम्म्यावर आला, साठाही निम्म्यावर आला आणि गोदाम मोकळे झाले. खरेदीच्या यादीत शंभर वस्तू असतील तर त्या आधी पुरवठादाराप्रमाणे लावाव्यात, मग गणिताला बसावे.

चौथे गृहीतक मागणीचे: रोज सारखी. मसाल्याची मागणी रोज सारखी कशी असेल? उन्हाळ्यात घरोघरी वर्षाचे तिखट-मसाले भरले जातात. समजा मार्च ते मे या तीन महिन्यांतच निम्मी खोकी लागतात, महिन्याला ४,०००. उरलेल्या नऊ महिन्यांत महिन्याला सुमारे १,३३३. इथे बहुतेकांची अपेक्षा असते की सूत्र कोसळेल. ते कोसळत नाही. हंगामाच्या वेगाने काढले तर उत्तर २,८२८, मंदीच्या वेगाने १,६३३. बारा महिने २,००० च मागवत राहिलो तर हंगामात सहा टक्के आणि एरवी दोन टक्के जादा खर्च होतो. किती मागवायचे यात फार बिघडत नाही.

बिघडते ते केव्हा मागवायचे यात, आणि त्याविषयी सूत्र काहीच सांगत नाही. वर्षाचे ३०० कामाचे दिवस धरले तर सरासरी रोज ८० खोकी लागतात. टेम्पो यायला कामाचे सात दिवस लागतात, म्हणून ५६० खोकी उरली की फोन करायचा असा नियम भिंतीवर लावलेला आहे. एप्रिलमध्ये रोज १६० खोकी लागतात. ५६० खोकी साडेतीन दिवसांत संपतात आणि उरलेले साडेतीन दिवस भरलेली पाकिटे जमिनीवर पडून राहतात, व्यापाऱ्यांचे फोन येत राहतात, माणसे बसून असतात. आणि खोकीवाल्याला एप्रिलमध्ये इतरांचेही काम असते. त्याचे सात दिवस दहा होतात. वर्षभर काटेकोरपणे मागवून सूत्राने वाचवलेले हजार-दोन हजार रुपये अशा एका थांबलेल्या दिवसात जातात. म्हणून फोन करण्याची पातळी हंगामाप्रमाणे बदलायला हवी, आणि तिच्यावर थोडा राखीव साठाही हवा. तो किती हवा हे मागणी किती वरखाली होते आणि पुरवठादार किती उशीर करतो यावर ठरते. हे दुसरे गणित आहे. ईओक्यू काढून झाला म्हणजे साठ्याचे व्यवस्थापन झाले असे मानणारे इथे फसतात.

राहिले शेवटचे गृहीतक, आणि ते हॅरिस यांच्या मूळ प्रश्नातच होते. दर खेपेचा खर्च दिलेला आहे, तो बदलता येत नाही, असे सूत्र मानते. त्याच्याभोवती उत्तम उत्तर शोधते. पण ५०० रुपये कुणी ठरवले? जपानमध्ये टोयोटा कंपनीत हाच प्रश्न उलटा विचारला गेला. तिथे १,००० टनांच्या एका प्रेसवरचा साचा बदलायला चार तास लागत. शिगेओ शिंगो यांनी १९६९ च्या सुमारास तो वेळ आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणला. चार तास लागत असतील तर एका खेपेत हजारो भाग काढणे शहाणपणाचे. तीन मिनिटे लागत असतील तर जेवढे आज लागतात तेवढेच काढणे शहाणपणाचे. सूत्र दोन्हीकडे खरेच बोलते, पण चार तासांना तीन मिनिटे करा असे ते कधी सुचवत नाही.

आपल्या खोक्यांच्या बाबतीत याचा अर्थ असा. टेम्पो रिकामा परत जातो का? त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या कारखान्याचा माल त्यात येऊ शकतो का? प्रत्येक खेपेचे वेगळे बिल तपासण्याऐवजी महिन्याचे एकच करता येते का? या मार्गांनी ५०० रुपयांचे १२५ झाले, तर वर्गमुळामुळे एका वेळी मागवायची संख्या २,००० वरून १,००० वर येते आणि १२,००० चा एकूण खर्च ६,००० वर.

तुम्ही खरेदी पाहत असाल तर सूत्र जरूर वापरा, पण शेवटी. आधी एकाच पुरवठादाराकडून येणाऱ्या वस्तू एकत्र करा, वर्षाच्या मागणीवर भाव ठरवून घ्या, गोदामाची खरी मर्यादा मोजा आणि दर खेपेच्या खर्चातले काय कमी होते ते पाहा. उरलेल्या आकड्यांवर वर्गमूळ काढायला कॅल्क्युलेटरवर एक मिनिटही लागत नाही, आणि ते आकडे थोडे चुकले तरी चालतात.